ज्याचा फोन त्याचा कॅमेरा

प्रितम कसा पोरगा आहे, हे मला विचारू नका. चांगलं माझ्या तोंडून निघणार न्हाई, आणि वाईट सांगायला त्यानं जागा ठेवली न्हाई. सगळा राग त्याचाच तर आहे.

तरी सांगते. नववीत आमच्या वर्गात तो भिंतीकडच्या बाकावर बसतो. अंगानं काडी, केसाला चपचपीत तेल, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. कोणी हाक मारली की आधी हसतो आणि मंग "काय?" म्हणतो. त्याचे वडील शिवाजीकाका छोटा हत्ती चालवतात, आमच्या कुंभार पिंपळगावातून मोसंबी भरून जालन्याला नेतात. आई चांगुणाबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत. घरात मोठा फोन एकच, काकांचा. पण काय फोन! मागं कॅमेऱ्यांची रांगच लागलेली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचं शूटिंग प्रितमनं त्याच फोनवर केलं, आणि ते अर्ध्या गावाच्या स्टेटसला लागलं. मी पण पाहिलं. हात कुठं हालला ते शोधायला परत परत पाहिलं. हालला होता, पण फार न्हाई.

आता माझं ऐका. मी शीतल. माझे कारभारी मामा वडीगोद्रीला असतात, हायवेला त्यांचं फोटोचं दुकान आहे. लग्नाच्या शूटिंगला त्यांचं नाव पार घनसावंगीपर्यंत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथंच पडून असते. मोठा कॅमेरा कसा धरायचा, कोपर छातीला कसं टेकवायचं, श्वास कधी सोडायचा, हे सगळं मी मामाकडून शिकले. औंदा मामाचा मदतनीस पुण्याला कंपनीत लागला. लग्नसराई तोंडावर आली, आणि दुसरा कॅमेरा धरायला माणूसच न्हाई. मी म्हणलं, "मामा, मी येते." तर मामा मिशीतल्या मिशीत हसून म्हणले, "बघू. आधी काहीतरी करून तर दाखव."

आणि त्याच आठवड्यात शाळेत कचरा आला. म्हणजे स्पर्धा आली. तालुक्यातल्या शाळांनी गट करून कचरा वेगळा करण्यावर तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा. मला वाटलं, देवानंच पाठवली. हा व्हिडिओ मी काढणार, मामाला दाखवणार, आणि लग्नाला निघणार.

सुरेखा मॅडम विज्ञान शिकवतात. त्यांनी आमचा चौघांचा गट केला. मोनाली, बबलू, प्रितम आणि मी. प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाभोवती बसवलं आणि म्हणल्या, "आधी कामं वाटू. न्हाईतर सगळेच हिरो, आणि डबा उचलायला कोणी न्हाई."

मोनालीचा आवाज खणखणीत, ती बोलणार. बबलूला जिभेला हाड न्हाई, तो संवाद लिहिणार आणि सगळा कचरा एकाच डब्यात कोंबणाऱ्या बाबूरावाचं कामही करणार. इथपर्यंत मी खुश होते. मंग मॅडमनी विचारलं, "फोन कोणाकडं आहे?"

प्रितमनं हात वर केला. हसला पण. माझ्या आईच्या जुन्या फोनवर व्हिडिओ धुरकट निघतो, म्हणून माझा हात खालीच राहिला.

"मंग कॅमेरा प्रितमकडं."

"मॅडम, शूटिंग मला येतं!" मी उठूनच उभी राहिले. "मी मामाकडं शिकले."

"अगं, येत असंल. पण शिवाजीभाऊ त्यांचा फोन दुसऱ्याच्या हातात देतील का? पडला-बिडला तर भरून कोण देणार?"

ज्याच्या हाती ससा तो पारधी! येत असू दे न्हाईतर नसू दे, ज्याचा फोन त्याचा कॅमेरा. हा कुठला न्याय हो? उद्या ज्याच्या घरी ढोलकी तो तमासगीर होणार का?

"आणि शीतल," मॅडम म्हणल्या, "वेळापत्रक तुझ्याकडं. कोण काय करून राह्यलं, कधीपर्यंत करणार, कुठं अडलं, हे सगळं तू बघायचं. तू काम बराबर करून घेतीस."

म्हणजे मी गटाची मुकादम. लग्नात नवरी दुसरीच, आणि मी पंगतीत पत्रावळ्या मोजणार.

बरं, राग आला म्हणून काम वाकडं करायची आमच्याकडं रीत न्हाई. मी कार्डशीट घेतलं, चार रकाने आखले. काम, कोण, कधीपर्यंत, आणि त्याआधी काय झालं पाहिजे. हा शेवटचा रकाना माझ्या डोक्यातला. मामा नेहमी म्हणतात, हळद लागायच्या आधी मांडवाचा शॉट घे, एकदा माणसं बसली की मांडव दिसत न्हाई.

मी उलट्या बाजूनं सुरू केलं. व्हिडिओ पाठवायचा शेवटचा दिवस पुढचा सोमवार. म्हणून मॅडमच्या लॅपटॉपवर शॉटचं जोडकाम शनिवारच्या दुपारपासून रविवारच्या दुपारपर्यंत, आणि रविवारची संध्याकाळ मोकळी, काही फसलं तर. म्हणजे शूटिंग शनिवारी सकाळी. शूटिंगच्या आधी चाचणी, ती गुरुवारी. चाचणीच्या आधी बबलूचे संवाद मॅडमनी तपासलेले पाहिजेत. त्याच्याही आधी ग्रामपंचायतीत विचारायचं, घंटागाडीवाल्यांना थांबवून बोलायची परवानगी काढायची. आणि आजपासूनच मोनालीच्या घरी कचरा वेगळा ठेवायचा. हिरव्या डब्यात ओला, म्हणजे भाजीची देठं, चहाचा चोथा, उरलंसुरलं. निळ्यात सुका, कागद, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या धुवून वाळवून. जुने सेल, फुटका बल्ब, तारीख गेलेली औषधं तिसरीकडं. पॅड नि डायपर कागदात गुंडाळून वेगळे. हे बोलताना बबलू खुदखुदला, तर मॅडमनी त्याच्याकडं असं बघितलं की तो वाक्य पाठ करायला लागला.

शूटिंगची वेळ ठरवायला मात्र प्रितमचंच तोंड बघावं लागलं. काका मोसंबी भरून निघाले की फोन पण निघाला. म्हणून सगळं सकाळचं, आणि तेही घंटागाडी यायच्या आधी. कारण पाण्याच्या टाकीजवळचा तो ढीग, सगळा एकत्र कालवलेला, तोच आमचा 'आधी'चा शॉट होता. तो गेला तर 'नंतर'चं काय लोणचं घालायचं?

"त्या रकान्यात तू हे बरं लिहिलं," प्रितम म्हणला. "मला सुचलं नसतं."

पाहिलंत? असा आहे तो. कौतुक करून माणसाला भांडायलासुद्धा जागा ठेवत न्हाई.

गुरुवारी चाचणीला आम्ही टाकीजवळ गेलो. मोनालीनं गळा साफ केला, बबलू डोक्याला टॉवेल गुंडाळून बाबूराव झाला. प्रितमनं फोन धरला तो आडवा सोडून उभाच. मी कपाळावर हात मारला.

"अरे, हा काय स्टेटस आहे का? आडवा धर! आणि कोपरं हवेत कशाला? कोंबडीवानी पंख पसरलेस."

त्यानं कोपरं टेकवली. तरी हालत होतं. माझ्या अंगाची नुसती आग झाली. मी फोन हिसकावूनच घेतला. "असं धरायचं. बघ." आणि मी खाली बसले, जमिनीला टेकून. ढिगात एक काळी पिशवी फाटली होती, त्यातून भाताचं खरकटं आणि औषधाच्या पट्ट्या एकत्र सांडलेल्या. एक शेळी आली, पिशवीसकट तोंडात धरलं. मी श्वास रोखला. शेळी चघळत चघळत माझ्याकडं बघत राहिली आणि तिच्या तोंडातून ती पिशवी लोंबत राहिली. मंग मी फोन हळूच वर नेला, मागं टाकी दिसंस्तोवर. मोनालीनं हाकललं तेव्हा शेळीनं पिशवी टाकली.

प्रितमनं ते पाहिलं आणि हसायचंच विसरला. "भारी," म्हणला. "पुसत न्हाई, ठेवतो."

"ठेव न्हाईतर पूस, मला काय करायचं," मी म्हणलं, आणि फोन त्याच्या हातात कोंबला. सोडवत नव्हता, खरं सांगते.

त्या दिवशी मॅडमनी माझ्या कार्डशीटचा फोटो काढला आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आमच्या चौघांत स्वतःचा फोन कोणाकडंच न्हाई, म्हणून कोणाला केव्हा मोकळं ठेवायचं ते घरी कळावं, एवढाच हेतू. एक प्रत वर्गाच्या भिंतीला, एक ग्रुपवर. बराबरच होतं ते. पण त्या फोटोत माझ्या मोठ्या ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, "शनिवार सकाळ, टाकीजवळच्या गल्लीत शूटिंग."

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. आणि बघते तर काय! गल्ली झाडून लख्ख. सडा घातलेला. दारोदार रांगोळ्या, टाकीच्या पायरीवर तर चक्क मोर काढलेला. ढीग गायब. जिथं शेळी चरत होती तिथं तुळजाबाई कुंडी मांडून राह्यल्या होत्या. गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या त्या, पण त्या दिवशी नवं लुगडं नेसून पदर खोचलेला.

"आजी, ढीग कुठं गेला?" मी कुंडीमागं वाकून बघितलं.

"अगं बाई, तुमचं शूटिंग न्हाई का? ग्रुपवर आलंय. मोनालीच्या आईनं वाचून दाखवलं. म्हणलं, गावाची इज्जत जायला नको. सगळ्या बाया मिळून पहाटेच भिडलो, घंटागाडीवाल्याला फोन लावून जल्दी बोलावलं. बघ कशी झाली गल्ली!"

ग्रुपवर आलं की आमच्या बायांना तो सरकारी हुकूमच. महिनोन्‌महिने जी गल्ली कोणाच्या बापानं झाडली न्हाई, ती माझ्या कार्डशीटनं एका पहाटेत झाडून घेतली, आणि नेमका नको तेव्हा.

बबलू टॉवेल गुंडाळून आला आणि उभाच राहिला. "आता मी कचरा कुठं कोंबू? मोराच्या अंगावर?"

मोनाली माझ्यावरच घसरली. "तूच लिहिलं ना ठळक! 'झाडू नका' हे कोण लिहिणार?" मॅडम घड्याळ बघायला लागल्या. माझं नाक झालं लाल. आता रडले असते तर प्रितमसमोर रडावं लागलं असतं, म्हणून रडले न्हाई.

तर हा पठ्ठ्या फोन काढून म्हणतो, "मॅडम, आधीचा शॉट आहे आपल्याकडं. चाचणीतला. शीतलनं घेतलेला." आणि ती शेळी दाखवली.

मॅडमनी पाहिलं. परत पाहिलं. "अगं, हा तर..." म्हणल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "चला. आता गल्ली स्वच्छच आहे, तर 'नंतर' आणि मोनालीच्या घरचे डबे घेऊ. शीतल, पुढचं सांग."

मी सांगितलं. आधी डबे, कारण घरात ऊन सरकून राह्यलंय. मंग तुळजाबाई एवढ्या नटल्यात, तर त्याच बाबूरावाला रागावतील. घंटागाडीवाले आजच्यापुरते येऊन गेले, म्हणून त्यांचं बोलणं उद्या सकाळी, रविवारी पण गाडी येते, आणि जोडकाम थोडं पुढं, संध्याकाळ मोकळी ठेवलीच होती त्यात. काका निघायच्या आत बाकीचं आटपलं. आणि बाकीचं सगळं प्रितमनंच काढलं. कोपरं छातीला टेकवून. मी दोन दिवसांखाली शिकवलेलं, आणि हा असा धरून उभा की जसा आईच्या पोटातूनच शिकून आला. मला तर वाटलं, माझीच विद्या माझ्यासमोर कुणीतरी अंगात घालून मिरवून राह्यलंय.

मंगळवारी वर्गात व्हिडिओ दाखवला. शेळी आली तेव्हा सगळा वर्ग ओरडला, टाळ्या. कोणीतरी मागून म्हणलं, "प्रितम, काय शॉट घेतला रे!"

तो उठला आणि म्हणला, "तो माझा न्हाई. शीतलचा आहे."

मोठा हरिश्चंद्राचा अवतार! गप्प बसला असता तर निदान मला मनापासून रागवता आलं असतं. आता सगळे माझ्याकडं बघून टाळ्या वाजवायला लागले, आणि त्याही जरा त्याच्याच होत्या, तो किती चांगला म्हणून.

पण खरी आग पुढं लागली. पुढच्या रविवारी मामा आमच्या घरी आले. आईनं पुरणपोळी केली होती. मी आईच्या फोनवर व्हिडिओ लावला, मामाच्या मांडीला खेटून बसले, आणि वाट बघत राहिले. शेळी आली. मामा पुढं वाकले. "हे कोणी काढलं?"

"मी!"

"वा." मामा मिशीवरून हात फिरवत राहिले. मी अजून जवळ सरकले. "आणि बाकीचं? हे डब्यांचं, म्हातारीचं?"

"ते प्रितमनं. आमच्या वर्गातला."

मामा शेवटपर्यंत बघत राहिले. मंग आईला म्हणले, "पोरगा स्थिर आहे. दमानं काढतो. त्याच्या बापाला विचारतो. लग्नसराईत माझ्याबरोबर आला तर दुसऱ्या कॅमेऱ्याचं काम होऊन जाईल."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मामा, मी? मी म्हणलं होतं ना!"

"अगं, तुझा शॉट चांगलाच आहे की. पण तू पोरगी. लग्नाच्या घरी, कुठं कुठं जावं लागतं, माणसांची गर्दी. तुला कसं न्यायचं? तो पोरगा आहे, सोय पडते."

आई पोळीवर तूप घालत राहिली. मी उठले, हात धुतले, आणि मागच्या दाराला जाऊन बसले. इतकी चरफडले, इतकी चरफडले की दातओठ खात राहिले. शाळेत फोन नव्हता म्हणून तो पुढं गेला. इथं तर फोनची भानगडच न्हाई, कॅमेरा मामाचाच, शॉट माझा, आणि तरी तोच! ह्याच्यापुढं मी नाक घासायचं का आता? मला त्या पोराचा इतका राग आला, आणि त्यानं काहीच केलेलं नव्हतं, त्यामुळं जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत भेटला. मामांचा फोन त्याच्या घरी गेल्ता. हसला न्हाई, हे पहिल्यांदाच. "मी बाबांना म्हणलं, शीतलला विचारून सांगतो. मला मिरवणूक काढता येते. लग्नाचं तुला येतं."

"जा ना, तूच जा! मला कशाला विचारतोस!" मी खेकसले. पण ते डोक्यात अडकलं.

संध्याकाळी आईनं मामाला फोन लावला होता. मामा तिकडून वैतागून सांगत होते, एकाच मुहूर्ताला दोन लग्नं घेतलीत, एक तीर्थपुरीला, एक इथंच पिंपळगावात, आणि कोण कुठं जाणार काही कळंना. मी ऐकत होते. आणि मला ती सडा घातलेली गल्ली आठवली. मोर आठवला. ग्रुपवर आलं की बाया पहाटे झाडू घेऊन निघतात.

मी नवं कार्डशीट काढलं. आईला विचारून मामाची सगळी लग्नं लिहून घेतली. चार रकाने आखले. काम, कोण, कधी, आणि त्याआधी काय झालं पाहिजे. दुपारच्या मुहूर्ताची लग्नं वेगळ्या शाईनं, कारण ती उजेडातली, पोरीला न्यायला अडचण न्हाई, आणि पिंपळगावातली तर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मांडव, हळद, मंगलाष्टकं, बिदाई. मामाचं नाव घातलं, एकाच मुहूर्ताच्या दिवशी मामा तीर्थपुरीला. दुसरा कॅमेरा, त्याच्यासमोर लिहिलं, शीतल. चांगलं ठळक. आणि तिपाई धरणं, तारा सांभाळणं, बॅटरी चार्ज करणं, त्याच्यासमोर लिहिलं, प्रितम. तिथं माझ्या हाताला जरा गुदगुल्या झाल्या, हे खरं. त्याला लवकर शिकवावं लागंल, म्हणून एक चाचणी पण घातली.

फोटो काढला आणि आईच्या फोनवरून तिच्या माहेर-सासरच्या ग्रुपवर टाकला. मामी, मावश्या, आत्या, आजी, सगळे आहेत त्यात.

थोड्या वेळानं मामीचाच फोन आला. "शीतल, अगं पिंपळगावच्या लग्नाला तू कॅमेरा धरणार ना? लिहिलंय इथं. मंग असं कर, चप्पल घालू नको, तारात पाय अडकतो, बूट घाल. आणि उपाशी येऊ नको. आणि हो, मावशी विचारून राह्यली, तिच्या पोरीच्या लग्नाचं पण तूच काढशील का, बायकांत शिरून काढायला पोरगीच बरी."

मागून मामांचा आवाज आला, "अगं, पण मी कुठं म्हणलं..."

"आता ग्रुपवर आलंय," मामी त्यांना म्हणल्या, आणि फोन ठेवला.